अप्रकाशित पेपरचा अनुवाद: "सर्व प्रती नष्ट केल्या" असं लिहून कसं द्यायचं?

मृण्मयी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरून मराठी-इंग्रजी अनुवाद करते. आजवर माहितीपत्रकं, संस्थांचे अहवाल असलं काम होतं. आता पहिल्यांदाच एका संशोधकांचा अजून कुठेही न छापलेला पेपर आलाय. शेताच्या नोंदी आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती मराठीत आहेत, निष्कर्षाचा भागही मराठीत आहे. सगळ्याचं इंग्रजी करायचंय. विषय शेतीतला आहे. (संपादन: पीक, रोग आणि तालुका काढलाय. कारण खाली पानगळ यांच्या प्रतिसादात.)

सरांनी दोन पानी गोपनीयता करार पाठवलाय. त्यातल्या चार अटींवर अडलेय:

"काम संपल्यावर सात दिवसांत सर्व प्रती, बॅकअपसह, कायमच्या नष्ट करून तसे लेखी द्यावे."
"मजकूर अन्य कोणत्याही व्यक्तीस दाखवू नये."
"भंग झाल्यास अनुवादकाने १० लाख रुपये द्यावेत."
"या अटी कायमस्वरूपी लागू राहतील."

लपवाछपवी करायची नाहीये, सही करायला मी तयारच आहे. पण मी ओमेगाटीत काम करते, वर्डही वापरते, लॅपटॉपवर गूगल ड्राइव्ह चालू असतं. फाईलच्या किती प्रती कुठे तयार होतात हे मलाच नीट माहीत नाही. मग "सर्व नष्ट केल्या" असं लिहून देणं म्हणजे खोटं लिहून देणं नाही का? आणि इंग्रजी झाल्यावर पुण्याची एक मैत्रीण माझं काम वाचते, तिचं काय?

गोदाकाठ

(अवतरण काढलं आहे.)

करार करताना अनुवादाचा हक्क आपल्याकडे राहील हे आधी लिहून घ्या. मी एका संस्थेसाठी गावगाथांचा अनुवाद केला होता, पुस्तक आलं तेव्हा आत माझं नावच नाही! भांडून दुसऱ्या आवृत्तीत घातलं. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आलंच पाहिजे, यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

पानगळ

गोदाकाठ, मुद्दा रास्त आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. इथे नाव छापणं दूरच, हे काम आपल्याकडे आहे हेसुद्धा सांगायचं नाही असा मामला आहे.

मृण्मयी, सर्वांत आधी धागा संपादित कर. पीक, रोग, उपाय जैविक आहे हे, आणि तालुका, एवढं एकत्र लिहिलंस की त्या क्षेत्रातला माणूस दोन मिनिटांत प्रयोग कुणाचा ते ओळखेल. नाशिकमध्ये अशी माणसं किती असणार? आणि गोदाकाठ, तुम्ही तिचं वाक्य अवतरणात घेतलंय, ते तुम्हालाच काढावं लागेल. तिने कितीही पुसलं तरी तुमच्या प्रतिसादात ते तसंच राहणार.

बाकीचं संध्याकाळी लिहिते.

गोदाकाठ

काढलं. पण नावाचं मी म्हणतो ते बरोबरच आहे.

सीबीएस_समोर

ताई, एवढा विचार कशाला करताय? हा करार स्टॅम्पवर आहे का ते आधी बघा. साध्या कागदावर किंवा ईमेलवर असेल तर तो करारच नाही, कोर्टात शून्य. सही करून टाका, काही होत नाही. आणि खरंच करायचा असेल तर १०० च्या स्टॅम्पवर टाईप करून नोटरी करून घ्यायचा. कोर्टाबाहेर अर्ध्या तासात होतं.

प्रयोगवही

सीबीएस_समोर, असे सल्ले देऊ नका हो. मी संशोधनाच्या बाजूचा माणूस आहे, असे करार आमच्या संस्थेत नेहमी होतात. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही. मुद्रांक शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून घेतला जात नाही, एवढंच. म्हणजे ज्याला दावा लावायचाय तो दंड भरून पुढे जातो. ईमेलवर मान्य केलेला करारही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० क नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद ठरत नाही. नोटरी सक्तीची नाही. आणि १०० चे दिवस गेले, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात साध्या करारनाम्यांना ५०० लागतात.

मृण्मयीताई, तुमचे सर एवढे घाबरलेले का आहेत ते सांगतो, म्हणजे कोणत्या अटीवर ते हलतील आणि कोणत्या नाही याचा अंदाज येईल. बहुधा पेटंटचा अर्ज व्हायचाय. आपल्याकडे शोध नवा धरला जायचा तर अर्जाच्या तारखेआधी तो कुठेही उघड झालेला नसावा लागतो. सवलती आहेत, पण फार अरुंद. तुमच्याकडे मजकूर गोपनीयतेच्या बंधनाखाली आला तर तो "उघड झाला" असं धरत नाहीत. बंधन नसेल तर उद्या कुणीही प्रश्न काढू शकतो. म्हणजे तो करार तुम्हाला अडकवण्यापेक्षा त्यांचा अर्ज वाचवण्यासाठी आहे. कुणी चोरून छापलं तर कायद्यात कलम २९ चा आधार आहे, पण मग मजकूर आपल्याकडूनच गेला आणि संमतीशिवाय गेला हे सिद्ध करत बसावं लागतं. शिवाय प्रत्येक देशाचे नियम वेगळे.

म्हणून त्यांना एक साधा प्रश्न विचारा: प्रोव्हिजनल अर्ज केलाय का? व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन केला तर त्याची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तो अर्ज नीट लिहून तुमच्या कामाआधी झाला तर त्यात असलेल्या भागापुरता मोठा धोका संपतो, आणि सर अटी सैल करायला तयार होतात. माझा अनुभव तरी तसा आहे.

मृण्मयी_इंदिरानगर

प्रयोगवही, खूप आभार, हे कुणी सांगितलंच नव्हतं. विचारते. धागा संपादित केलाय, पानगळताई.

पानगळ

आता अटींचं. मी औषधचाचण्यांचे आणि पेटंटचे कागद बरीच वर्षं करतेय. एक नियम पाळते: माझा संगणक जे करू शकत नाही ते माझी सही कबूल करत नाही. "सर्व प्रती" हे वकिलाचं वाक्य आहे. प्रती कुठे पडतात ते आधी बघू, मग अट तशी लिहून घेऊ.

ओमेगाटीपासून सुरुवात कर. तू अनुवादित फाईल पाठवलीस आणि `source`, `target` फोल्डर उडवलं, तरी `omegat` फोल्डरमध्ये `project_save.tmx` राहते. तिच्यात पूर्ण पेपर वाक्यावाक्याने, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, साध्या मजकुरात असतो. नोटपॅडमध्येही उघडतो. तिच्याशेजारी तारखा घातलेल्या `.bak` प्रती साठत जातात. प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये आणखी तीन टीएमएक्स तयार होतात: `-omegat`, `-level1` आणि `-level2`. म्हणजे सरांच्या मते नष्ट झालेला पेपर तुझ्याकडे किमान चार ठिकाणी जिवंत असतो.

खरा अपघात मात्र पुढच्या कामात होतो. आपण सगळे जुन्या टीएमएक्स एका "माझी स्मृती" छाप फोल्डरात टाकतो आणि प्रत्येक नव्या कामाला जोडतो. मला एकदा एका एजन्सीकडून कामासोबत स्मृती आली. एक वाक्य ७० टक्के जुळतंय म्हणून खाली दुसऱ्याच कुणाचं वाक्य दिसलं, रुग्णसंख्या आणि परिणामासकट. तो अभ्यास तेव्हा कुठेही छापलेला नव्हता. कुणीतरी आधीचं काम वेगळं काढलं नव्हतं, बस्स. मी एजन्सीला कळवलं, त्यांनी फाईल बदलून दिली, पण तोवर ती किती जणांकडे गेली होती कोण जाणे.

तेव्हा या कामाचं प्रोजेक्ट पूर्ण वेगळं ठेव. बाहेरच्या स्मृती हव्या तर आत आण, पण इथली बाहेर जाऊ देऊ नकोस. ओमेगाटीत यांत्रिक अनुवादाची कुठलीही ऑनलाइन सेवा चालू असेल तर बंद कर, नाहीतर तू ज्या ओळीवर जाशील ती ओळ आपोआप बाहेर पाठवली जाऊ शकते. इंग्रजी तपासणारं ब्राउझरमधलं एक्स्टेंशनही तसंच. २०१७ मध्ये नॉर्वेच्या स्टॅटऑइलमधल्या लोकांनी एका मोफत अनुवाद संकेतस्थळावर टाकलेला अंतर्गत मजकूर गूगलच्या शोधात सापडायला लागला होता, ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल. तेव्हापासून मी गोपनीय कामाचं एक वाक्यसुद्धा तिकडे टाकत नाही. "फक्त एकच शब्दप्रयोग बघायचाय" हेही नाही.

खिडकी_बंद

संगणकाचं मी सांगतो, पोट भरण्याचं कामच ते आहे.

बरेच जण म्हणतात काम झालं की ड्राइव्ह फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, मजकूर तसाच असतो. जुन्या फिरत्या डिस्कवर वरून दुसरं काहीतरी लिहून तो घालवता यायचा. आताच्या एसएसडीत तीही खात्री नाही, कारण तुम्ही "त्याच जागी" लिहिलं तरी ड्राइव्ह आतल्या आत दुसऱ्याच जागी लिहिते. म्हणून पुसण्याचा विचार शेवटी करून उपयोग नाही. मजकूर ड्राइव्हवर पहिल्यांदा उतरतानाच कुलूपबंद उतरला पाहिजे. मग शेवटी किल्ली गेली की मजकूर गेला.

व्हेराक्रिप्ट मोफत आहे. त्यात या कामापुरता एक कंटेनर करा, २ जीबी भरपूर झाला. उघडला की तो वेगळ्या ड्राइव्हसारखा दिसतो, समजा `P:`. ओमेगाटीचं प्रोजेक्ट, सरांच्या फाईली, तुमच्या टिपणांची फाईल, सगळं तिथेच. पासवर्ड फक्त या कामाचा, लांबलचक, ब्राउझरमध्ये न साठवलेला. इथे एक मेख आहे. कंटेनरची जुनी प्रत बॅकअपमध्ये राहिली असेल आणि तुम्ही नंतर पासवर्ड बदललात, तरी जुनी प्रत जुन्याच पासवर्डने उघडते. म्हणून प्रत्येक कामाला नवा कंटेनर, नवा पासवर्ड.

आता गळती. वर्डमध्ये फाईल `P:` वरून उघडली तरी ऑटोरिकव्हरच्या प्रती `C:` वर तुमच्या प्रोफाईलमध्ये पडतात. वर्डच्या ऑप्शन्समध्ये सेव्ह या भागात ती जागा बदलून `P:` वर द्या. विंडोज स्वतः इकडेतिकडे तात्पुरत्या फाईली टाकतं, त्या सगळ्या पकडणं अशक्य, म्हणून पूर्ण ड्राइव्हही कुलूपबंद हवी. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहे. होम असेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतं का बघा, काही लॅपटॉपवर असतं, काहींवर नसतं. नसेल तर व्हेराक्रिप्ट तेही करतो, पण आधी बॅकअप घ्या आणि घाई करू नका.

आणि डेस्कटॉपवर काही ठेवू नका. वनड्राइव्ह बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वर चढवत असतं.

मृण्मयी_इंदिरानगर

बापरे. वनड्राइव्ह चालू होतं, आत्ता पाहिलं. बंद केलं.

खिडकी_बंद, पण सरांनी पहिली फाईल व्हॉट्सॅपवर पाठवली आहे. आणि मी छापून वाचते, पडद्यावर चुका दिसत नाहीत. कॉलेज रोडला नेहमीचं दुकान आहे, त्यांना व्हॉट्सॅप केलं की प्रिंट तयार.

खिडकी_बंद

व्हॉट्सॅपचं असं: संदेश वाटेत सुरक्षित असतो, प्रश्न दोन्ही टोकांचा आहे. तुमच्या फोनवर ती फाईल `WhatsApp Documents` फोल्डरात उतरते आणि चॅट काढूनही तिथे राहू शकते, फाईल मॅनेजरमधून बघून काढा. चॅटचा बॅकअप चालू असेल तर तिकडेही जाऊ शकते. सरांना सांगा, पुढच्या फाईली कुलूप लावून ईमेलने पाठवा. सेव्हन-झिपमध्ये फाईलींची नावंही झाकायची सोय आहे:

```
7z a -p -mhe=on kaam.7z peper.docx
```

`-mhe=on` नसेल तर पासवर्ड न देताही आतल्या फाईलचं नाव वाचता येतं, आणि आपल्याकडे लोक फाईलला पूर्ण शीर्षकच देतात. पासवर्ड फोनवर बोलून सांगायचा, त्याच ईमेलमध्ये नाही. ईमेलच्या विषयातही शीर्षक नको.

प्रिंटच्या दुकानाला मात्र नाही म्हणा. त्या काउंटरवरच्या संगणकावर व्हॉट्सॅप वेब दिवसभर उघडं असतं, डाउनलोड्समध्ये अख्ख्या कॉलेज रोडचे प्रबंध पडलेले असतात. पेनड्राइव्ह नेला तरी तेच, फाईल तिथे उघडावी लागतेच. घरी साधा लेझर प्रिंटर घ्या किंवा पडद्यावर अक्षर मोठं करून वाचा.

सीबीएस_समोर

स्टॅम्प ५०० चा झाला हे मान्य, घाईत लिहिलं. पण १० लाखांची अट असेल तर १० लाख द्यावेच लागतात, सही म्हणजे सही.

पानगळ

तेही पूर्ण बरोबर नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, न्यायालय त्या आत वाजवी भरपाई ठरवतं. पण मृण्मयी, म्हणून तो आकडा मान्य करू नकोस. वाजवी किती हे ठरेपर्यंत खेटे तुलाच घालायचेत. मी "या कामाच्या एकूण मानधनापर्यंत" असं मागते, जाणूनबुजून केलेला भंग वगळून. बहुतेक संशोधक मान्य करतात, कंपन्या कुरकुर करतात.

"कायमस्वरूपी"चे मी दोन तुकडे करते. पेपरचा मजकूर छापून आला किंवा पेटंट अर्ज प्रकाशित झाला की जेवढं बाहेर आलं तेवढ्यापुरतं बंधन संपतं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, त्यामुळे त्याला शेवट आहे. मात्र छापून न आलेल्या नोंदी आणि मुलाखती देणाऱ्यांची ओळख, याला मुदत नको. ते शेतकरी कोण हे तू दहा वर्षांनीही सांगायचं नाहीयेस. खरं तर नावं काढून आणि क्रमांक घालूनच मुलाखती तुझ्याकडे यायला हव्यात, तसं माग.

नष्ट करण्याची अट मी अशी लिहून देते, हवी तर घे:

"अनुवादक अंतिम फाईल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत कामाचे फोल्डर, अनुवादस्मृती, ईमेल व फोनमधील जोडफाईली आणि छापील प्रती काढून टाकेल व तसे ईमेलने कळवेल. आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये राहिलेल्या प्रती उघडल्या जाणार नाहीत, आणि त्या पुसल्या जाईपर्यंत या कराराच्या अटी त्यांना लागू राहतील."

४५ का? जीमेल आणि ड्राइव्हच्या कचरापेटीतून फाईल आपोआप जायला ३० दिवस लागतात. हाताने रिकामी करता येते, पण एखादी राहतेच. आणि सरांनी दुरुस्त्या मागितल्या किंवा पैसे अडकले तर तोवर तुझ्याकडे काम असतं.

प्रयोगवही

४५ दिवसांना माझा थोडा विरोध आहे. जर्नलच्या परीक्षकांच्या शंका कितीतरी महिन्यांनी येतात, तेव्हा संशोधक पुन्हा त्याच अनुवादकाकडे येतो. आम्ही उलट सांगतो, एक कुलूपबंद प्रत पेपर स्वीकारला जाईपर्यंत ठेवा.

पानगळ

मी नाही ठेवत. प्रत त्यांच्याकडे आहेच, लागली की परत पाठवतील. स्मृतीची टीएमएक्सही मी त्यांनाच देऊन टाकते. माझ्याकडे जे नाही ते माझ्याकडून फुटत नाही.

प्रयोगवही

आणि त्यांनी ती टीएमएक्स हरवली तर? आमच्याकडे निम्म्या जणांना ती फाईल कशाने उघडायची हेही कळत नाही. असो, दोन मतं असू देत.

मृण्मयी_इंदिरानगर

सरांशी बोलले. प्रोव्हिजनल अर्जाचं संस्थेच्या टेबलावर पडून आहे म्हणाले, आता पाठपुरावा करतो म्हणाले. ४५ दिवस मान्य. मानधनाच्या मर्यादेवर संस्थेच्या वकिलांना विचारून सांगणार आहेत. मुलाखती क्रमांक घालून पाठवणार आहेत. गावांची नावं मात्र राहू द्या म्हणाले, निष्कर्षात जमिनीचा प्रकार लागतो.

मैत्रिणीचं अडलंय. "अन्य कोणासही नाही" यावर सर ठाम आहेत.

पानगळ

गावाचं नाव आणि शेतकऱ्याचं वय, एकरी क्षेत्र एकत्र आलं तर क्रमांकाचा काही उपयोग नाही, हे सरांच्या कानावर घाल. तालुका आणि जमिनीचा प्रकार पुरतो का विचार.

मैत्रिणीसाठी दोनच वाटा. तिचं नाव करारात घालून तिचीही तशाच करारावर सही घ्यायची आणि तिच्या चुकीला तू जबाबदार राहायचं. नाहीतर हे काम तिला दाखवायचं नाही, आणि सरांना आधीच सांगायचं की दुसऱ्या नजरेचं वाचन तुमच्याकडचं कुणीतरी करावं. दरही तसा कमी होतो. नाव-गाव गाळून थोडे परिच्छेद पाठवते असली तिसरी वाट काढू नकोस, परिच्छेदातली पद्धतच तर गोपनीय आहे.

गोदाकाठ

म्हणजे इतकं सगळं करून अनुवादकाचं नाव पेपरात कुठेच नाही?

प्रयोगवही

गोदाकाठ, आभाराच्या परिच्छेदात भाषासाहाय्याचा उल्लेख करता येतो, अनेक जर्नल तो अपेक्षितही ठेवतात. पेपर छापून आल्यावर त्यांच्या लेखी संमतीने मृण्मयीताई आपल्या यादीतही घालू शकतील. ती एक ओळ करारातच घालून घ्या, नंतर मागायला अवघड जातं.

मृण्मयी_इंदिरानगर

घालते. मैत्रिणीला फोन केला, ती सही करायला तयार आहे, पण तिच्या घरचा संगणक तिघं मिळून वापरतात. खिडकी_बंद, त्यावर व्हेराक्रिप्ट चालेल का? वेगळं विंडोज खातं करून?

खिडकी_बंद

चालेल, पण कंटेनर उघडा असताना दुसऱ्याने खातं बदलून लॉगिन केलं तर त्यालाही तो ड्राइव्ह दिसू शकतो. उठताना प्रत्येक वेळी डिसमाउंट करणार असतील तर ठीक. घरातली मुलं कुठलेकुठले गेम उतरवत असतील तर मी त्या संगणकावर हे काम करणार नाही. विंडोजची आवृत्ती कोणती ते व्यनि करा.